आत्मपरिचय कुठून सुरू करावा: आजपासून की गावापासून?

प्रश्न: सर, मी हर्णैजवळच्या गावातली, मत्स्यविज्ञानाची पदवीधर. २०१८ ते २०२० रत्नागिरीत एका मासळी प्रक्रिया कारखान्याच्या प्रयोगशाळेत होते. निसर्ग वादळानंतर घरी परतले आणि जवळपास अडीच वर्षे आईच्या बचत गटाचे सुक्या मासळीचे काम पाहिले. नोव्हेंबर २०२२ पासून दुसऱ्या कारखान्यात माल उतरवून घेताना तपासणी करते. आता तिसऱ्या एका कारखान्यात शिफ्टच्या गुणवत्ता प्रमुखाच्या जागेसाठी मुलाखत आहे. शाळेत शिकवले होते की ओळख नाव, गाव, शिक्षण, नोकरी या क्रमाने सांगावी. मैत्रीण म्हणते, आधी वर्तमान, मग भूतकाळ, मग भविष्य. याच महिन्यात शेजारच्या तालुक्यातल्या बचत गटांपुढे आणि माझ्या जुन्या महाविद्यालयातल्या मुलांपुढेही बोलायचे आहे. तिन्हीकडे एकच ओळख चालेल का? माझा मसुदा सोबत पाठवला आहे.

उत्तर:

तिन्हीकडे एकच ओळख चालणार नाही, मात्र त्यासाठी तीन निरनिराळी भाषणे पाठ करण्याचीही आवश्यकता नाही. तुमच्याकडे सांगण्यासारख्या घटना चार-पाचच आहेत आणि त्या तिन्ही ठिकाणी त्याच राहतील. बदलेल ती सुरुवात आणि त्या सुरुवातीमुळे प्रत्येक घटनेला येणारे वजन. क्रम ठरवण्यापूर्वी मी उमेदवाराला दोन गोष्टी विचारतो. ऐकणाऱ्याच्या हातात तुमच्याविषयीची कोणती माहिती आधीपासून आहे, आणि तुमचे बोलणे संपल्यावर त्याला काय ठरवायचे आहे? या दोन उत्तरांवरून क्रम बहुतेक वेळा आपोआप ठरतो.

मुलाखतीपासून सुरुवात करू, कारण तुमची अडचण मुख्यतः तिथेच आहे. मुलाखत मंडळाच्या पुढ्यात तुमचा बायोडाटा असतो. गाव, शाळा, पदवीचे वर्ष, आधीच्या नोकऱ्या हे सगळे त्यांना कागदावर दिसत असते. तरीही ते ‘स्वतःविषयी सांगा’ असे म्हणतात, तेव्हा त्यांना तो कागद पुन्हा वाचून घ्यायचा नसतो. या जागेवर ही व्यक्ती बसू शकेल का, याचा अंदाज घ्यायचा असतो. तुमच्या मसुद्यात पहिली सहा वाक्ये गाव, वडिलांचा व्यवसाय, प्राथमिक शाळा, माध्यमिक शाळा, बारावी आणि पदवी यांना दिली आहेत. मी घड्याळ लावून तो मसुदा मोठ्याने वाचला, तेव्हा तुमच्या आजच्या कामाचा पहिला उल्लेख सत्तराव्या सेकंदाला आला. मंडळातील एखाद्याने पन्नासाव्या सेकंदाला मध्येच प्रश्न विचारला, आणि तसे सर्रास घडते, तर तुम्ही बारावीपर्यंतच पोचलेल्या असाल. वर्तमानापासून सुरू केलेल्या ओळखीचा हा अगदी साधा फायदा आहे: ती कुठेही तुटली तरी महत्त्वाचा भाग बोलून झालेला असतो.

दुसरा फायदा अधिक खोल आहे आणि तुमच्या बाबतीत तोच निर्णायक ठरतो. सॉलोमन अ‍ॅश या मानसशास्त्रज्ञाने १९४६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्याने एका गटाला एका व्यक्तीचे वर्णन असे ऐकवले: बुद्धिमान, उद्योगी, उतावळी, टीकाखोर, हट्टी, मत्सरी. दुसऱ्या गटाला हीच सहा विशेषणे उलट क्रमाने ऐकवली. शब्द तेच असूनही पहिल्या गटाचे त्या व्यक्तीविषयीचे मत एकंदरीत चांगले झाले आणि दुसऱ्या गटाचे तितके चांगले झाले नाही. सुरुवातीला बुद्धिमान हा शब्द ऐकलेल्यांना पुढचा हट्टीपणा समजून घेण्यासारखा वाटला. मत्सरी हा शब्द आधी ऐकलेल्यांना तोच हट्टीपणा खटकला. प्रयोग विशेषणांच्या यादीवरचा होता, नोकरीच्या मुलाखतीवरचा नव्हता, त्यामुळे त्यावरून फार मोठे निष्कर्ष मी काढत नाही. पण आधी ऐकलेल्या गोष्टीच्या प्रकाशात नंतरची गोष्ट समजून घेतली जाते, एवढे मंडळात बसून मीही पुष्कळदा पाहिले आहे.

आता तुमची अडीच वर्षे या दृष्टीने पाहा. कालक्रमाने सांगताना ‘२०२० मध्ये नोकरी सोडून घरी आले’ हे वाक्य येते तेव्हा ऐकणाऱ्याला फक्त दोन वर्षांची नोकरी ठाऊक असते. ती सोडलेली दिसली की शंका तयार होते, आणि पुढची वाक्ये त्या शंकेशी झगडण्यात खर्च होतात. हेच वाक्य, तुम्ही आज धक्क्यावरून आलेल्या मालाची जबाबदारी सांभाळता हे कळल्यानंतर आले, तर तो खंड एका चालू असलेल्या वाटेतला टप्पा ठरतो. वस्तुस्थितीत काहीही बदललेले नसते आणि काही लपवलेलेही नसते.

मात्र वर्तमान, भूत, भविष्य हा क्रम ऐकायला सोपा वाटला तरी त्यात दोन खड्डे आहेत, आणि बहुतेक उमेदवार त्यांतल्या एकात तरी पडतात. पहिला खड्डा असा, की भूतकाळाकडे वळल्यावर ते पावलापावलाने मागे जाऊ लागतात: आज इथे आहे, त्याआधी घरी होते, त्याआधी रत्नागिरीत होते, त्याआधी महाविद्यालयात होते. बायोडाटा असा लिहितात, कारण वाचणाऱ्याला डोळा वर-खाली फिरवता येतो. ऐकणाऱ्याला ती सोय नसते, आणि असे मागे मागे गेल्यास परिणाम आधी व कारण नंतर कानावर पडते. म्हणून वर्तमान सांगून झाले की एकाच उडीत सुरुवातीच्या टप्प्यावर जावे, वर्ष स्पष्ट उच्चारावे आणि तिथून पुढे सरळ कालक्रमाने यावे. म्हणजे या रचनेच्या पोटातही एक छोटा कालक्रम असतोच. दोन्ही क्रम एकमेकांचे वैरी आहेत, ही समजूत बरोबर नाही.

दुसरा खड्डा या छोट्या कालक्रमाच्या शेवटी आहे. भूतकाळातून पुढे येता येता तुम्ही पुन्हा आजच्या नोकरीपाशी पोचता आणि ती दुसऱ्यांदा सांगू लागता. ऐकणाऱ्याला वाटते, हे तर मघाशी झाले. तेव्हा आजच्या कामाला नुसता हात लावून लगेच भविष्याकडे वळावे.

या सगळ्यांत अवघड असतो तो वर्तमान आणि भूतकाळ यांच्यामधला सांधा, आणि तो निव्वळ तारखांनी जुळत नाही. तुमच्या मसुद्यात ‘त्यानंतर’, ‘नंतर’ आणि ‘मग’ हे शब्द मिळून अकरा वेळा आले आहेत. माझी जुनी पद्धत अशी, की अशा प्रत्येक शब्दाच्या जागी ‘म्हणून’, ‘त्यामुळे’ किंवा ‘तेव्हा लक्षात आले की’ घालून पाहावे. जिथे ते घालता येते तिथे दोन घटनांत खरा संबंध असतो. जिथे काही केल्या घालता येत नाही, तिथली घटना या श्रोत्यासाठी बहुधा गाळण्याजोगी असते. तुमच्या माध्यमिक शाळेच्या वाक्यामागे ‘म्हणून’ येत नाही. ते वाक्य काढून टाका. वादळाच्या वाक्यामागे येतो. आणि बचत गटाच्या कामानंतर तर फार चांगला ‘म्हणून’ येतो, तो मात्र तुम्ही मसुद्यात लिहिलेलाच नाही.

तो मला तुम्ही सोबत जोडलेल्या टिपणात सापडला. पहिल्या नोकरीत तुम्ही प्रयोगशाळेत नमुने तपासत होतात, म्हणजे माल आत आल्यानंतर दोष दिसत असे. घरी आल्यावर गटाच्या जवळ्याविषयी गिऱ्हाइकांची तक्रार होती की त्यात रेती लागते. तुम्ही तपासलेत तेव्हा कारण सरळ होते: जवळा किनाऱ्यावर वाळूलगत वाळत होता. जमिनीपासून कमरेइतक्या उंचीवर जाळीचे मांडव केल्यावर ती तक्रार थांबली. या दोन अनुभवांतून तुम्हाला उमगले की दोष तपासणीत पकडण्यापेक्षा माल हाती येतो त्या जागीच अडवणे स्वस्त पडते. आणि म्हणूनच २०२२ मध्ये परतताना तुम्ही प्रयोगशाळा न मागता माल उतरवून घेण्याचा विभाग मागितलात. बांगडा आणि कुपा यांच्या बाबतीत तर ही गोष्ट मंडळातल्या प्रत्येकाला ठाऊक असणार. मासळी नीट थंड ठेवली नाही तर तिच्यात हिस्टामीन तयार होते, आणि एकदा तयार झालेले हिस्टामीन पुढे गोठवून किंवा शिजवून नाहीसे होत नाही. असा धागा हाती असताना त्याऐवजी शाळांची नावे सांगणे म्हणजे पाटाचे पाणी सोडून कळशीने शिंपणे होय.

यावरून मुलाखतीसाठी मी पुढीलप्रमाणे मांडणी करीन. शब्द तुमचे तुम्ही बदला, क्रम मात्र असाच ठेवा.

‘नमस्कार. मी सध्या रत्नागिरीतील एका मासळी प्रक्रिया कारखान्यात गुणवत्ता विभागात काम करते. धक्क्यावरून आलेला बांगडा आणि कुपा उतरवून घेताना प्रत्येक लॉटचे तापमान व ताजेपणा तपासणे, आणि माल घ्यावा की परत पाठवावा याचा अभिप्राय पर्यवेक्षकांना देणे, ही माझी जबाबदारी आहे. या क्षेत्रात मी २०१८ साली आले. मत्स्यविज्ञानाची पदवी घेतल्यावर पहिली दोन वर्षे मी प्रयोगशाळेत नमुने तपासत होते. तिथे दोष सापडायचा, पण तोपर्यंत माल आत आलेला असायचा. जून २०२० मध्ये निसर्ग वादळात आमच्या घराचे आणि होडीचे नुकसान झाले, म्हणून मी गावी परतले. जवळपास अडीच वर्षे आईच्या बचत गटाच्या सुक्या मासळीचे काम पाहिले. जवळ्यात रेती लागते ही तक्रार आम्ही वाळवण्याची जागा बदलून थांबवली. तेव्हा लक्षात आले की दोष माल हाती येतो तिथेच अडवायला हवा, म्हणून नोकरीत परतताना मी माल उतरवून घेण्याचा विभाग मागून घेतला. तिथे निर्णयाची शिफारस मी करते. आता त्या निर्णयाची आणि पूर्ण शिफ्टच्या नोंदींची जबाबदारी मला स्वतःकडे घ्यायची आहे, आणि त्यासाठीच मी या जागेकरिता अर्ज केला आहे.’

हे जवळपास दीडशे शब्दांचे बोलणे आहे आणि घाई न करता दीड मिनिटात संपते. त्यात वर्तमानाला साधारण पाव भाग मिळाला आहे, भविष्याला त्याहून थोडा कमी, आणि निम्म्याहून अधिक भूतकाळाला. हे प्रमाण पाहून काहींना आश्चर्य वाटते, कारण वर्तमान आधी म्हणजे वर्तमान जास्त असा त्यांचा समज असतो. वर्तमानाने ऐकणाऱ्याला जागा दाखवायची असते. विश्वास भूतकाळानेच बसतो. नाव सुरुवातीला घेतले नाही म्हणून बिघडत नाही, कारण ते नुकतेच पुकारून तुम्हाला आत बोलावलेले असते; सवय असेल तर घ्या.

भविष्याच्या वाक्यात क्रियापदाचे रूप जपून निवडावे लागते, आणि याकडे फार थोडे लोक लक्ष देतात. ‘मी चांगले काम करीन’ यात नुसते आश्वासन आहे आणि मंडळाने दिवसभरात ते वीस वेळा ऐकलेले असते. ‘मी प्रमुख होणार आहे’ यात जागा मिळालीच आहे असा सूर लागतो. ‘मला ही जबाबदारी घ्यायची आहे’ यात इच्छा स्पष्ट आहे, पण निर्णय समोरच्यावर सोडलेला आहे. मुलाखतीत मी हे तिसरे रूप वापरायला सांगतो. जे खरोखर ठरलेले आहे, उदाहरणार्थ एखाद्या प्रशिक्षणाची भरलेली फी, तिथेच ‘करणार आहे’ शोभते.

आता बचत गटांकडे वळू. इथे माझी स्वतःची एक फजिती सांगितल्याशिवाय राहवत नाही. प्रशिक्षणाचे काम नवीन होते तेव्हा कुडाळ तालुक्यातल्या एका गावात मला बोलावले होते. मी शहरात शिकून आलेलो. उठून सांगू लागलो की मी सध्या अमुक संस्थेत प्रशिक्षक आहे, माझा विषय अमुक आहे, पुढे तुमच्या गावात असे असे करण्याचा विचार आहे. पुढच्या रांगेतल्या एका वयस्क गृहस्थांनी हात वर करून मला थांबवले आणि म्हणाले, ‘ता सगळा ऱ्हवांदे, पयला सांग, तू खंयचो नि कोणाचो?’ सभेत हशा पिकला. मी गाव आणि आजोळ सांगितले, आजोळची एक ओळख निघाली, आणि त्यानंतरच लोक माझे ऐकू लागले.

त्या गृहस्थांचा प्रश्न चांभारचौकशीचा नव्हता. त्यांच्या हातात माझा कोणताही कागद नव्हता, आणि मला नोकरी द्यायची की नाही हे त्यांना ठरवायचे नव्हते. या माणसाचे ऐकावे का, याला आपल्या कामाची आणि आपल्या अडचणींची माहिती आहे का, एवढेच त्यांना ठरवायचे होते. गाव आणि घर सांगितल्याशिवाय ते ठरवायला त्यांच्याकडे दुसरे साधन नव्हते. अशा श्रोत्यांपुढे कालक्रम हाच योग्य क्रम आहे, कारण तुमच्या सांगण्याचा पुरावा म्हणजे तुम्ही तिथून इथवर कशा आलात ही वाटच असते. शेजारच्या तालुक्यातील बायका तुमचे पद ऐकून मांडव उभारणार नाहीत. तुमच्या घरचा जवळाही त्यांच्यासारखाच वाळूत वाळत होता हे कळल्यावर कदाचित उभारतील.

तिथे ओळख अशी होऊ शकेल: ‘मी हर्णैच्या बाजूची. आमच्या घरी वडिलांची होडी आहे आणि आई तुमच्यासारखीच सुकी मासळी करते. लहानपणी शाळेतून आले की वाळत घातलेल्या जवळ्यावर कावळे बसू नयेत म्हणून राखण करायचे काम माझ्याकडे असायचे. पुढे मी रत्नागिरीला मासळीचेच शिक्षण घेतले आणि कारखान्यात लागले. वादळात घराचे पत्रे उडाले, होडी फुटली, तेव्हा नोकरी सोडून घरी आले आणि आईच्या गटात बसू लागले. गिऱ्हाईक म्हणायचे, जवळा चांगला पण दाताखाली रेती येते. मी शिकलेली, तरी मलाही ते सहा महिने सुधारता आले नाही. मग आम्ही जाळीचे मांडव केले. ते कसे केले, खर्च किती आला आणि पहिल्या पावसाळ्यात काय चुकले, ते आज सांगणार आहे. आता मी पुन्हा कारखान्यात आहे, पण सुट्टीला आले की गटात असतेच.’

या ओळखीत आजची नोकरी शेवटी आली आहे आणि तिला एकच वाक्य मिळाले आहे. ती आधी सांगितली असती तर ‘कारखान्यातून आलेल्या मॅडम’ अशी तुमची प्रतिमा पहिल्याच मिनिटाला पक्की झाली असती आणि अ‍ॅशच्या प्रयोगातले तत्त्व इथे तुमच्या विरुद्ध काम करू लागले असते. सहा महिने जमले नाही ही कबुली मुलाखतीत मी गाळली आणि इथे ठेवली, हेही पाहा. मुलाखतीत दीड मिनिटात तिच्यासाठी जागा नाही. तिथे विचारल्यास सांगावी. इथे मात्र तिच्यामुळे ऐकणाऱ्या बायकांना स्वतःच्या अडचणी बोलायला वाव मिळतो.

गावात वेळही सैल असतो. आपल्याकडे दशावतारात आधी गणपती, सरस्वती, संकासुर असा आडदशावतार होतो आणि मग आख्यानाला सुरुवात होते. रात्र पुढे पडलेली असल्यामुळे कुणाची तक्रार नसते. मुलाखतीला तेवढी रात्र नसते, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. तरीसुद्धा गावातल्या ओळखीतही कालक्रम म्हणजे जन्मापासून सुरुवात असे समजू नका.

हा मुद्दा महाविद्यालयाच्या बाबतीत अधिक उघड होतो. कालक्रमाची सुरुवात कुठून करायची, तर तुम्ही आणि ऐकणारा जिथे एकत्र उभे असाल तिथून. बचत गटासमोर तो बिंदू वाळणारा जवळा आहे. महाविद्यालयातील मुलांसमोर तो शेवटच्या वर्षाचा वर्ग आहे. त्यांना तुमचे बालपण नको आहे आणि ‘मी सध्या अमुक पदावर आहे’ या वाक्याचाही त्यांना फार उपयोग नाही, कारण त्यांना ठरवायचे आहे ते पदवीनंतरचे पहिले पाऊल. म्हणून ‘२०१८ मध्ये याच वर्गात बसलेली असताना मला वाटत होते की गुणवत्ता विभाग म्हणजे प्रयोगशाळा’ अशा वाक्याने सुरुवात करून तो समज कुठे आणि कसा मोडला, हे सरळ पुढे सांगत जावे. नोकरी सोडल्याची अडीच वर्षे इथे सर्वांत जास्त वेळ घेऊ द्यात. मुलाखतीत दोन-तीन वाक्यांत आटपलेला तो भाग विद्यार्थ्यांना सर्वांत उपयोगी आहे, कारण मध्ये खंड पडला तर परत येता येते का, ही भीती त्यांच्यातल्या अनेकांना असते आणि ती ते विचारत नाहीत.

गटासाठी कर्ज मागायला बँकेत जाल तेव्हा पुन्हा वर्तमान आधी येईल, तेही आकड्यांसह: गटात किती जणी आहेत, महिन्याला किती माल जातो, खात्यात काय शिल्लक आहे. तिथे भूतकाळ म्हणजे आधीच्या कर्जाची फेड आणि भविष्य म्हणजे मागत असलेली रक्कम व तिचा वापर. वादळाची हकीकत तिथे एका वाक्यापलीकडे नेऊ नये.

वर्तमानापासून सुरू करण्याचा सल्ला मी सरसकट सगळ्यांना देत नाही. नुकतीच पदवी घेतलेल्या किंवा सध्या घरी असलेल्या उमेदवाराला हा क्रम पढवला की तो वर्तमान फुगवू लागतो. ‘सध्या मी स्वयंअध्ययन करत आहे’ अशी पोकळ वाक्ये तिथूनच जन्मतात आणि अनुभवी मंडळाला ती लगेच कळतात. अशा उमेदवाराने पदवीच्या शेवटच्या वर्षातील प्रकल्पापासून किंवा प्रत्यक्ष केलेल्या कामापासून कालक्रमाने सुरुवात करावी आणि आजच्या रिकाम्या काळाचे कारण एका सरळ वाक्यात सांगून पुढे जावे. २०२१ साली तुम्ही हाच प्रश्न विचारला असता, तर मी तुम्हालाही तेच सांगितले असते. याउलट ज्याने वीस वर्षे एकाच कार्यालयात एकाच प्रकारचे काम केले आहे, त्याचा कालक्रम ऐकणाऱ्याला पहिल्या दोन वाक्यांतच पुढचे सगळे सांगून टाकतो. त्याने आजच्या कामापासूनच सुरुवात करावी.

क्रम चुकला की बरोबर बसला, हे ओळखण्याची खूण म्हणजे ओळख संपल्यावर येणारा पहिला प्रश्न. ‘बरं, पण सध्या नेमके काय करता?’ असे विचारले गेले, तर कालक्रम लांबला आणि वर्तमान बुडाले. ‘मधली अडीच वर्षे काय केले?’ असे विचारले गेले, तर तो टप्पा सांगूनही त्याचा पुढच्या कामाशी सांधा जुळलेला ऐकू आला नाही. ‘तुम्ही मूळच्या कुठल्या?’ असा प्रश्न मुलाखतीत आला तर त्यात काळजीचे काही नाही, आपल्याकडे तो जिव्हाळ्याने विचारतात. तोच प्रश्न गावच्या सभेत आला तर मात्र सुरुवात चुकीच्या टोकाने झाली असे समजावे. आणि ‘माल परत पाठवायची वेळ शेवटची कधी आली होती?’ असा प्रश्न आला, तर ओळखीने तिचे काम केले; त्या प्रश्नासाठी एक खरा प्रसंग, तापमान आणि मिळालेली दाद यांच्यासह, तयार ठेवा.

घरी सराव करताना ही खूण मिळवायची तर कारखान्याबाहेरच्या, पण बोलक्या माणसापुढे एकदा ओळख सांगा, दुसऱ्या विषयावर दहा मिनिटे गप्पा मारा, आणि मग त्याला तुमच्याविषयी काय लक्षात राहिले ते विचारा. वादळ तेवढे लक्षात राहिले असेल, आणि तसे होण्याची शक्यता मोठी आहे, तर वादळाच्या वाक्यातून होडीचा उल्लेख काढा, आवाज तिथे खाली आणू नका आणि पुढच्या ‘लक्षात आले की’ या शब्दांपूर्वी क्षणभर थांबा. दुसऱ्यांदा दुसऱ्या माणसापुढे सांगा. पहिल्याला ओळख आता पाठ झालेली असते.